आधी स्टॉप, मग लॉट

नमस्कार. गेलं वर्षभर मी सोन्यात, XAUUSD मध्ये, ट्रेडिंग करतोय. खात्यात आज २,००० डॉलर आहेत. प्रत्येक सौदा ०.१० लॉटचा, म्हणजे १० औंसांचा घेतो आणि स्टॉप-लॉस ५ डॉलरवर लावतो. भाव तेवढा उलटा गेला की सौदा आपोआप बंद होतो, म्हणजे उडाला तरी ५० डॉलरच जातील. पण होतं असं की स्टॉप उडतो आणि थोड्या वेळाने भाव मला हव्या त्याच दिशेने पळतो. मागच्या महिन्यात वैतागून एका सौद्याचा स्टॉप काढूनच टाकला आणि एका रात्रीत ३१० डॉलर गेले. ब्रोकर मुद्दाम आपले स्टॉप उडवतो का? स्टॉप नेमका किती लांब ठेवावा आणि लॉट किती घ्यावा? झटपट श्रीमंत व्हायचं नाही, पण तोटा आवाक्यात राहिला पाहिजे.

तुमचं गणित चुकलेलं नाही, क्रम उलटा आहे. लॉट आधीच पक्का केला, किती रक्कम गेली तर चालेल तेही ठरवलं, आणि या दोघांचा भागाकार करून जे उरलं ते स्टॉपचं अंतर झालं. ५ डॉलर हा आकडा चार्टमधून आलेलाच नाही. सोन्याचा भाव तासाभरात किती वरखाली होतो याच्याशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून तो सारखा उडतो.

एक काम करा. एक तासाचा चार्ट उघडा आणि मागच्या चौदा कॅंडल बघा. प्रत्येक कॅंडलचा उच्चांक वजा नीचांक लिहून काढा आणि सरासरी घ्या. हेच काम एटीआर नावाचा इंडिकेटर आपोआप करतो. फरक इतकाच की मधे गॅप पडली असेल तर आधीच्या बंद भावापासूनचं अंतरही तो धरतो. समजा ही सरासरी ९ डॉलर आली. याचा अर्थ काहीही विशेष घडत नसताना, नुसत्या रोजच्या उलाढालीत, भाव एका तासात ९ डॉलर हलतो. अशा बाजारात खरेदीपासून ५ डॉलरवर लावलेला स्टॉप तुमचा अंदाज चुकला म्हणून उडत नाही. भाव जागच्या जागी हलला तरी तो उडतो. त्यानंतर भाव तुमच्या दिशेने गेला यात नवल काही नाही, कारण तुमचा अंदाज कदाचित बरोबरच होता.

मग स्टॉप कुठे? मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: भाव कुठे गेला तर हा सौदा घेण्याचं कारणच उरणार नाही? ती जागा चार्टवर असते, खात्यातल्या शिलकीत नाही. खरेदीच्या सौद्यात ती बहुधा अलीकडचा तळ असते, जिथून भाव मागे फिरला होता. तो तळ तुटला म्हणजे तिथे खरेदी करणारे आता राहिले नाहीत, आणि आपण ज्या भरवशावर आत शिरलो तो भरवसा गेला. विक्रीच्या सौद्यात हेच अलीकडच्या शिखराला लागू.

पण स्टॉप नेमका तळावर लावायचा नाही. तळाच्या किंचित खाली जाऊन परत वर येणाऱ्या कॅंडलच्या वाती तुम्हाला कुठल्याही चार्टवर दिसतील. तळाखाली थोडी मोकळी जागा सोडावी लागते आणि ती किती, हे पुन्हा एटीआरवरून ठरतं. मी साधारण एटीआरच्या निम्म्याने सुरुवात करते. त्या चार्टवर मागच्या काही दिवसांत भाव तळ तोडून परत आला असेल, तर तो किती खाली जाऊन आला ते बघते. वाती ६-७ डॉलर खाली जात असतील तर साडेचार डॉलरची जागा पुरणार नाही, वाढवायला हवी.

आता एक सौदा पूर्ण करून बघू. आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत. भाव ३,३०० डॉलर प्रति औंस आहे. तासाच्या चार्टवर भाव ३,२८२ पर्यंत खाली आला होता, तिथे दोनदा थांबला आणि वर आला. एटीआर ९. तुमचं मत असं की ३,२८२ टिकतंय तोवर वरची दिशा आहे. म्हणजे तळ ३,२८२, त्याखाली साडेचार डॉलरची जागा, स्टॉप ३,२७७.५ वर. इथपर्यंत लॉटचा विचारही मनात आणायचा नाही.

तरीही एक पडताळणी करून घ्यावी. आताच्या भावापासून स्टॉप २२.५ डॉलर दूर आहे, म्हणजे एटीआरच्या अडीच पट. हे अंतर एका एटीआरपेक्षा कमी आलं असतं तर मी म्हटलं असतं की तुम्ही निवडलेला तळ फार किरकोळ आहे, दुसरा शोधा. तीन पटींच्या पुढे गेलं असतं तर भाव तळापासून बराच वर निघून गेलाय आणि तुम्ही उशिरा आत शिरताय. अडीच पट चालण्यासारखं आहे, पण फार आवडण्यासारखं नाही.

आणखी एक बारकावा. ३,३००, ३,२५० अशा गोल आकड्यांवर ऑर्डरींची गर्दी असते. तुमच्या हिशोबाने स्टॉप ३,३०० किंवा ३,३०१ वर येत असेल तर तो ३,२९८ च्या आसपास सरकवा. दोनतीन डॉलरचं अंतर वाढेल, ते लॉटच्या हिशोबात धरायचं.

आता लॉट. XAUUSD मध्ये बहुतेक ठिकाणी १ लॉट म्हणजे १०० औंस. त्यामुळे ०.१० लॉट म्हणजे १० औंस आणि ०.०१ लॉट म्हणजे १ औंस. भाव १ डॉलर हलला की ०.०१ लॉटवर १ डॉलर मिळतो किंवा जातो. तुमच्या ब्रोकरचं माप हेच आहे का, ते कराराच्या तपशिलात एकदा बघून ठेवा. पिपमध्ये मात्र हिशोब करू नका. कोणी १० सेंटला पिप म्हणतं, कोणी १ सेंटला, आणि एका शून्याच्या घोळात लॉट दहापट होतो. डॉलर प्रति औंस आणि किती औंस, एवढंच धरा.

```
औंस = चालेल तो तोटा ÷ (एंट्री ते स्टॉप अंतर + स्प्रेड आणि घसरण)
```

चालेल तो तोटा म्हणजे खात्याच्या १ टक्का, तुमच्यासाठी २० डॉलर. १ टक्काच का, ते पुढे सांगते. स्प्रेड म्हणजे खरेदीच्या आणि विक्रीच्या भावातला फरक, घसरण म्हणजे लावलेल्या भावापेक्षा जितका वाईट भाव मिळतो तो फरक. या दोन्हींसाठी दीड डॉलर धरू. ३,३०० ला आत्ताच खरेदी केली तर अंतर २२.५ अधिक दीड म्हणजे २४ डॉलर. २० भागिले २४ म्हणजे ०.८३ औंस. पण तुमच्याकडे सगळ्यात लहान माप १ औंसाचं आहे.

खरा मोह इथेच होतो, आणि तो दोन रूपांत येतो. पहिला म्हणतो की १ औंस घे, २० ऐवजी २४ डॉलर गेले तर काय बिघडलं. दुसरा म्हणतो की स्टॉप थोडा वर घे, ३,२८२ वर ठेव, म्हणजे अंतर १८ होईल आणि गणित बसेल. दुसरा जास्त वाईट, कारण त्याने तुम्ही परत आपल्या जुन्याच पद्धतीवर आलात: रकमेला बसेल असा स्टॉप. शिवाय तो नेमका त्या तळावर आला, जिथे वाती फिरतात. पहिल्यात आज ४ डॉलरचा फरक आहे, पुढच्या वेळी तो १५ चा होतो, आणि मर्यादा नावापुरती उरते.

बरोबर वाट अशी की स्टॉप हलवायचा नाही, एंट्री हलवायची. १ औंस घ्यायचा आणि २० डॉलरच्या आत राहायचं, तर खर्च धरून अंतर २० च्या आत हवं. म्हणून ३,३०० ला उडी न मारता ३,२९४ ला खरेदीची लिमिट ऑर्डर टाकून ठेवा. भाव तिथे आला तर अंतर १६.५, दीड डॉलर खर्च धरून १८. २० भागिले १८ म्हणजे १.११, खाली आणून १ औंस. स्टॉप उडालाच तर १८ डॉलर, खात्याच्या ०.९ टक्का. अंतरही एटीआरच्या दुपटीपेक्षा थोडं कमी झालं, म्हणजे एंट्रीही सुधारली. आणि भाव ३,२९४ ला आलाच नाही तर? सौदा झाला नाही. चुकलेल्या सौद्याला पैसे पडत नाहीत.

औंस काढताना आकडा नेहमी खाली आणायचा, वर कधीच नाही. १.११ चा १ होतो, १.९ चाही १ च.

तुमचे नेहमीचे १० औंस याच स्टॉपवर घेतले असते तर एका सौद्यात १८० डॉलर पणाला लागले असते, खात्याच्या ९ टक्के. योग्य जागचा स्टॉप तुम्हाला आजवर परवडत नव्हता तो यामुळे. स्टॉप लांब होता म्हणून नाही, लॉट मोठा होता म्हणून. वायदे बाजारातही हाच अडसर येतो. न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारातला मोठा करार १०० औंसांचा, मायक्रो १० औंसांचा, म्हणजे २,००० डॉलरच्या खात्याला मायक्रोसुद्धा या स्टॉपसह जड जातो. २०२५ पासून तिथे १ औंसाचाही करार आहे. कुठल्याही वाटेने गेलात तरी आपण राहतो तिथे ते कायदेशीर आहे का आणि ब्रोकरवर कुठल्या नियामकाची देखरेख आहे, हे आधी बघा. ब्रोकरच बुडाला तर स्टॉप काही वाचवत नाही.

काहीजण म्हणतील, १५ मिनिटांच्या चार्टवर जा, तिथे एटीआर लहान म्हणून स्टॉप जवळ येतो आणि लॉट वाढतो. येतो खरा. पण स्प्रेड तेवढाच राहतो. स्प्रेड ३० सेंट असेल तर १६ डॉलरच्या स्टॉपमध्ये तो दोन टक्क्यांहूनही कमी, ३ डॉलरच्या स्टॉपमध्ये दहा टक्के. शिवाय सौदे जास्त होतात, म्हणजे ही वजावट दिवसातून अनेकदा. लहान खात्याला लहान चार्ट स्वस्त वाटतो, पडतो महाग.

आता १ टक्क्याचं कारण. समजा तुमची पद्धत चांगली आहे आणि दहापैकी चार सौदे जिंकता, फायद्याचे सौदे तोट्याच्या सौद्यांपेक्षा मोठे असल्यामुळे एकूण नफा होतो. अशा चांगल्या पद्धतीतही शंभर सौद्यांमध्ये कुठेतरी लागोपाठ सहा तोटे येण्याची शक्यता ८० टक्क्यांहून जास्त आहे. म्हणजे ते येणारच असं धरून चला. लागोपाठ दहाही कधीतरी येतील. सौद्यामागे १ टक्का लावला असेल तर दहा तोट्यांनंतर खातं साधारण साडेनऊ टक्क्यांनी घटतं, तुमच्या बाबतीत २,००० चे १,८०८ होतात. सध्याच्या ५० डॉलरच्या हिशोबाने, म्हणजे अडीच टक्क्यांनी, ते १,५५० च्या जवळ येतं आणि मूळ जागी परतायला जवळजवळ २९ टक्के कमवावे लागतात. ५ टक्क्यांनी ते १,२०० च्याही खाली जातं, आणि तिथून परत यायला ६७ टक्के लागतात.

टक्का दर वेळी त्या दिवशीच्या शिलकीवर काढा. खातं १,८०० वर आलं की मर्यादा १८ डॉलर. आणि एकाच वेळी सोन्याचे तीन खरेदी सौदे उघडे असतील तर ती तीन वेगळी जोखीम नाही, ३ टक्क्यांची एकच आहे. चांदी घेतली तरी तेच, दोघी बहुतेक वेळा एकाच दिशेने चालतात. तोट्यात असलेल्या सौद्यात भर घालून सरासरी खाली आणायची सवय असेल तर हा सगळा हिशोब फाडून फेका, कारण मग औंस किती हे तुम्ही ठरवत नाही, भाव ठरवतो.

ब्रोकरबद्दल विचारलंत. वाईट ब्रोकर असतात, पण तुमच्या ५ डॉलरच्या स्टॉपला कुणी मुद्दाम गाठायची गरज नाही, तो आपोआपच उडणार होता. तुमची तक्रार तुम्हालाच तपासता येईल. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर चार्ट बिड भावाचा असतो, म्हणजे आपण विकताना मिळणाऱ्या भावाचा. खरेदीचा सौदा बिडवर बंद होतो, त्यामुळे चार्टवर भाव स्टॉपला लागलेला दिसतो. विक्रीचा सौदा मात्र आस्कवर, म्हणजे आपण विकत घेतानाच्या भावावर बंद होतो, आणि आस्क त्या चार्टवर दिसतच नाही. वर्दळीच्या वेळी स्प्रेड ३० सेंट असेल, तर न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ च्या सुमारास, दिवस बदलताना, तो काही पटींनी फुगतो. मग विक्रीचा स्टॉप उडतो आणि चार्टवर भाव तिथवर पोचलेलाच दिसत नाही. माणूस म्हणतो, फसवलं. सेटिंगमध्ये आस्क रेषा चालू करा आणि विक्रीचा स्टॉप लावताना शिखर अधिक मोकळी जागा, त्यावर फुगलेला स्प्रेड, असं अंतर धरा. एवढं करूनही स्टॉप अशा भावाला उडत असेल जो बिडमध्येही नव्हता आणि आस्कमध्येही नव्हता, तर वेळेसकट स्क्रीनशॉट घेऊन लेखी विचारणा करा, आणि समाधान झालं नाही तर पैसे काढून घ्या.

३१० डॉलरच्या रात्रीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण स्टॉप काढणं ही त्यातली उघड चूक झाली. पण स्टॉप असता तरी तो नेहमी लावलेल्या भावालाच सुटला असता, असं नाही. स्टॉपला भाव लागला की ती ऑर्डर बाजारभावाची होते आणि त्या क्षणी जो भाव मिळेल तो मिळतो. शुक्रवारी बाजार बंद झाला आणि सोमवारी ३,२५० ला उघडला, तर ३,२७७.५ चा स्टॉप ३,२५० च्या आसपास सुटेल. ३,२९४ च्या खरेदीवर औंसामागे १६.५ ऐवजी ४४ डॉलर. यावर उपाय म्हणून काहीजण स्टॉप-लिमिट लावतात, म्हणजे अमुक भावाच्या खाली विकू नकोस. तोट्याच्या स्टॉपसाठी ते वापरू नका. भाव लिमिटच्या खाली उडी मारून गेला तर ऑर्डर पुरीच होत नाही आणि तुम्ही सौद्यात अडकून राहता, म्हणजे नको होतं तेच. काही ब्रोकर जादा पैसे घेऊन हमीचा स्टॉप देतात, तो त्याच भावाला सुटतो. सुट्टीपलीकडे सौदा ठेवायचाच असेल तर त्याचा दर विचारून बघा.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. ९ ऑगस्ट २०२१, सोमवार. आशियात बाजार उघडत होते, जपान आणि सिंगापूरला सुट्टी, त्यामुळे ऑर्डरी विरळ. सोनं १,७६० च्या आसपासवरून काही मिनिटांत सुमारे ४ टक्के कोसळून १,७०० च्या खाली गेलं. नंतर भाव बराच सावरला, पण ज्यांचे स्टॉप वाटेत होते त्यांना तळाजवळचे भाव मिळाले आणि त्यांचे सौदे तिथेच संपले.

म्हणून रात्रभर किंवा शनिवार-रविवार ठेवायच्या सौद्याला मी दुसरी एक चाचणी लावते. स्टॉप नाहीच असं समजायचं आणि भाव एकदम ४ टक्के उलटा गेला तर खात्याचं काय होईल ते काढायचं. ३,३०० चे ४ टक्के म्हणजे १३२ डॉलर. १ औंस असेल तर १३२ डॉलर जातील, खात्याच्या ६.६ टक्के. दुखेल, पण खातं उभं राहील. तुमचे १० औंस असते तर १,३२० डॉलर, म्हणजे खात्याचा दोन तृतीयांश भाग एका पहाटेत गेला असता. १० औंस सोनं ३३,००० डॉलरचं होतं, तुमच्या शिलकीच्या साडेसोळा पट. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी अडकवून ठेवायची रक्कम, कमी लागतं म्हणून हे जाणवत नाही. दुसऱ्या चाचणीत १० टक्क्यांच्या वर आकडा गेला तर मी तो सौदा रात्री ठेवत नाही, पहिल्या गणितात कितीही छान बसला असला तरी.

बातम्यांच्या वेळाही यातच येतात. अमेरिकेतल्या रोजगाराचे आणि महागाईचे आकडे न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठला येतात, फेडरल रिझर्व्हचा व्याजदराचा निर्णय दुपारी २ ला. त्या दोनचार मिनिटांत स्प्रेड फुगतो आणि घसरण दीड डॉलरच्या हिशोबात मावत नाही. अशा वेळेच्या आधी नवा सौदा घेऊ नका.

सौदा घेतल्यावर स्टॉप एकाच दिशेने हलू शकतो, फायद्याच्या. पण लगेच नाही. भाव ८-१० डॉलर वर गेला की स्टॉप एंट्रीवर आणून "आता फुकटचा सौदा" म्हणायची पद्धत फार रुळलेली आहे, आणि तुमच्यासारखी तक्रार त्यातूनही येते. तुमचा एंट्रीचा भाव बाजाराला माहीत नसतो. ३,२९४ ला तुम्ही घेतलंत याला तुमच्याशिवाय कुणाच्या लेखी महत्त्व नाही, आणि तो भाव रोजच्या हालचालीच्या टप्प्यात असेल तर स्टॉप तिथेही उडेल. नवा तळ बनेपर्यंत थांबा. समजा भाव ३,३१८ ला गेला, परत ३,३०३ ला आला, तिथून उठून ३,३१८ च्या वर निघाला. आता ३,३०३ हा नवा, वरचा तळ पक्का झाला. स्टॉप त्याखाली साडेचार डॉलर, ३,२९८.५ वर आणा. आता भाव उलटला तरी हातात साधारण चार-साडेचार डॉलर राहतात, आणि तो स्टॉप पुन्हा चार्टने दिलेल्या जागेवर आहे.

एटीआर दर आठवड्याला नव्याने बघा. सोन्याचा चढउतार काही काळात दुप्पट होतो. तो ९ वरून १८ झाला तर मोकळी जागा ९ डॉलरची होईल, तळही दूर पडतील, आणि १ औंसालाही २० डॉलर पुरणार नाहीत. त्या काळात तुमच्या खात्याला तासाच्या चार्टवर सौदाच नाही. काही ब्रोकरांकडे १ औंसाहून लहान माप मिळतं, ते असेल तर वापरा, नाहीतर बाजार शांत होईपर्यंत बघत बसा.

पुढचे तीसेक सौदे एका वहीत लिहा. एंट्री, स्टॉप, औंस हे तर असतंच. त्यासोबत एक रकाना जास्तीचा ठेवा: सौदा उघडा असताना भाव जास्तीत जास्त किती उलटा गेला. फायद्यात संपलेल्या सौद्यांचा हा रकाना बघितलात की तुमच्या पद्धतीला किती जागा लागते ते कळेल. जिंकलेल्यांपैकी बहुतेक ८ डॉलरपेक्षा जास्त उलटे गेलेच नसतील तर १६ डॉलरच्या स्टॉपमध्ये थोडी काटछाट करता येईल, आणि बरेच १४-१५ पर्यंत जाऊन परत आले असतील तर तुमची मोकळी जागा अजून कमी आहे. उडालेल्या सौद्यांपुढे पुढचे २४ तास भाव कुठे गेला तेही लिहा. "स्टॉप उडतो आणि मग भाव हव्या दिशेला जातो" हे खरंच किती वेळा होतं, तो आकडा मला पाठवा. लॉट ०.०१ वर आणून महिना झाल्यावर लिहिलंत तर जास्त बरं, कारण तोवर तुम्ही स्टॉप चार्टवरून लावत असाल आणि वहीतल्या नोंदींना काही अर्थ असेल.